ग्रे कोड काउंटर: धावती मोजणी दुसऱ्या क्लॉकने वाचताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

काटोल रस्त्यावरच्या एका संत्री प्रतवारी केंद्रासाठी मी फळं वाहून नेणाऱ्या पट्ट्याची जागा मोजणारा बोर्ड केला होता. त्या बोर्डाने एक हंगामभर मला छळलं, आणि शेवटी काउंटर बायनरीऐवजी ग्रे कोडमध्ये मोजू लागल्यावरच तो सुधारला. तेव्हापासून नागपुरातले इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आणि हिंगणा एमआयडीसीतले ओळखीचे लोक मला याबद्दल बरेचदा तेच ते प्रश्न विचारतात. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे त्याच एका पट्ट्याच्या आधाराने दिली आहेत.

## पट्ट्यावर नेमकं काय बिघडत होतं?

पट्टा फिरवणाऱ्या मोटरच्या दांड्यावर एन्कोडर बसवला होता. दांड्याच्या एका फेऱ्याला तो १००० पल्स देतो आणि मोटर सेकंदाला दहा फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १०,००० पल्स. हे पल्स बर्डीच्या बाजारातून आणलेल्या एका `74HC393` चिपमध्ये जायचे आणि तिथे आठ बिटांची मोजणी चालायची. मायक्रोकंट्रोलर स्वतःच्या क्रिस्टलवर चालत होता. दर मिलिसेकंदाला तो ही आठ बिटं एकाच पोर्टवरून वाचायचा, मागच्या वाचनाशी फरक काढायचा आणि तो फरक पट्ट्याच्या एकूण जागेत मिळवायचा. फळ वजनकाट्यावरून पुढे गेलं की त्याच्या खोक्यासमोर पोचेपर्यंत किती पल्स लागतील हे ठरलेलं होतं, तेवढी मोजणी झाली की झडप उघडायची.

बहुतेक वेळ सगळं नीट चालायचं. पण काही मिनिटांनी एकदा झडपा अचानक आधीच उघडू लागायच्या आणि पट्टा पूर्ण फिरून शून्याच्या सेन्सरखालून जाईपर्यंत तशाच चुकत राहायच्या. पट्ट्यावरचा माणूस म्हणायचा, "भाऊ, वजन त बरोबर दाखवते, पण संत्रं भलत्याच खोक्यात चाललं." आम्ही झडपांच्या स्प्रिंगा बदलल्या, एन्कोडरची कपलिंग घट्ट केली, केबलला शील्ड घातलं, पण उपयोग शून्य. शेवटी मोजलेली जागा आणि शून्याच्या सेन्सरवरची खरी जागा यांचा फरक लिहून ठेवायला लागलो, तेव्हा वही उघडली की एकच आकडा दिसायचा: २५६. गोंगाटामुळे जास्तीचे पल्स आले असते तर कधी ३, कधी ११, कधी ४० असा फरक आला असता. आठ बिटांच्या काउंटरमध्ये दर वेळी बरोबर २५६ वाढत असतील, तर कुठेतरी एक अख्खी फेरी जास्त मोजली जाते आहे.

## चूक दर वेळी २५६ चीच का?

`74HC393` हा रिपल काउंटर आहे. पहिलं बिट पल्सवर बदलतं, दुसरं बिट पहिलं १ वरून ० वर पडल्यावर, तिसरं दुसरं पडल्यावर, अशी ओळीने पडझड होते. १२७ वरून १२८ वर जाताना आठही बिटं बदलावी लागतात, आणि ती एकदम बदलत नाहीत. बाहेरून पाहणाऱ्याला काउंटर असा जाताना दिसतो:

```
127 -> 126 -> 124 -> 120 -> 112 -> 96 -> 64 -> 0 -> 128
```

मधल्या सात आकड्यांपैकी एकही खरा नाही. ही सगळी घसरण जेमतेम ५० नॅनोसेकंदांत उरकते, म्हणून मीटरवर काय, साध्या ऑसिलोस्कोपवरही लक्षात येत नाही. पण मायक्रोकंट्रोलरची वाचण्याची वेळ नेमकी त्या ५० नॅनोसेकंदांत आली तर त्याला यांतलाच एखादा आकडा मिळतो.

आता हिशोब बघा. मागचं वाचन ११८ होतं. आत्ता खरा आकडा १२८ असायला हवा, पण मिळाला ०. फरक आठ बिटांत काढायचा, म्हणून ० वजा ११८ म्हणजे १३८. एका मिलिसेकंदानंतर खरा आकडा १३८ मिळतो, १३८ वजा ० म्हणजे पुन्हा १३८. दोन्ही मिळून २७६. प्रत्यक्षात पट्टा सरकला होता २० पल्स, आपण लिहिले २७६. जास्तीचे बरोबर २५६. ० च्या ऐवजी ११२, ९६ किंवा ६४ मिळाला तरी बेरीज २७६ च येते, करून बघा. १२६, १२४ किंवा १२० मिळाला तर मात्र काही बिघडत नाही, कारण ते आकडे ११८ च्या पुढचे आहेत आणि पुढच्या वाचनात तूट आपोआप भरून निघते. वाचलेला आकडा मागच्या वाचनाच्या मागे गेला, तरच सॉफ्टवेअरला वाटतं की काउंटर पूर्ण फेरी मारून आला.

## ५० नॅनोसेकंदांत वाचन सापडणं हे इतकं वारंवार कसं घडेल?

इथे अंदाजावर जाऊ नका, गुणाकार करा. काउंटर सेकंदाला साधारण ३९ वेळा पूर्ण फिरतो. प्रत्येक फेरीत आठही बिटं बदलण्याचे प्रसंग दोन: १२७ वरून १२८ आणि २५५ वरून ०. म्हणजे सेकंदाला ७८ प्रसंग, प्रत्येकी ५० नॅनोसेकंदांचे. वाचनं सेकंदाला १०००. या तिन्हींचा गुणाकार सेकंदाला ०.००३९ येतो, म्हणजे सुमारे २५६ सेकंदांत एकदा वाचन त्या फटीत सापडतं (हा २५६ योगायोगाने आला आहे, वरच्या २५६ शी त्याचा संबंध नाही). सातांपैकी चारच आकडे घातक आहेत हे धरलं तर साडेसात मिनिटांत एकदा. ६३ वरून ६४ सारखे लहान प्रसंग यात धरलेलेच नाहीत, ते मिळवले की वेळ आणखी कमी होते. पट्ट्यावरचा माणूस "काही मिनिटांनी" म्हणत होता ते तंतोतंत खरं होतं.

## रिपलच्या जागी सिंक्रोनस काउंटर लावला असता तर?

मी आधी तेच केलं असतं, आणि ती मोठी चूक ठरली असती. सिंक्रोनस काउंटरमध्ये सगळी बिटं एकाच क्लॉकवर बदलतात, पण एकेक बिट साठवणाऱ्या प्रत्येक फ्लिप-फ्लॉपचा वेग, प्रत्येक तारेची लांबी आणि वाचणाऱ्याच्या प्रत्येक पिनची ० की १ ठरवण्याची पातळी थोडी वेगळी असते. ५० नॅनोसेकंदांची फट समजा २ नॅनोसेकंदांवर आली. तेवढ्याने चूक पंचवीसपट विरळ होते: साडेसात मिनिटांच्या जागी तीन तासांत एकदा. आजार तोच राहतो, फक्त तो शोधणं अशक्यप्राय होतं. शिवाय आता आठही बिटं जवळजवळ एकाच क्षणी हलतात, त्यामुळे जुन्या-नव्या बिटांची कुठलीही सरमिसळ मिळू शकते.

मूळ अडचण अशी की वाचणाऱ्याचं घड्याळ काउंटरच्या घड्याळाला ओळखत नाही. त्यामुळे बदलाच्या क्षणी वाचन होणार हे गृहीतच धरायचं. तसं झालं तर हाती काय लागावं, एवढंच ठरवणं आपल्या हातात आहे.

## ग्रे कोडने यात काय फरक पडतो?

ग्रे कोडमध्ये लागोपाठच्या दोन आकड्यांत एकच बिट वेगळं असतं. तीन बिटांचा क्रम असा:

```
0: 000    4: 110
1: 001    5: 111
2: 011    6: 101
3: 010    7: 100
```

७ नंतर पुन्हा ० ला येताना सुद्धा `100` चं `000` होतं, म्हणजे तिथेही एकच बिट. बेल लॅब्सच्या फ्रँक ग्रे यांनी १९४७ मध्ये याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता, ते १९५३ मध्ये मंजूर झालं. त्यांनी याला परावर्तित बायनरी म्हटलं होतं, कारण यादीचा खालचा अर्धा भाग हा वरच्या अर्ध्या भागाचं आरशातलं प्रतिबिंब असतो, फक्त डावीकडचं बिट ० चं १ झालेलं. वरची यादी तशी वाचून बघा.

आता आपला १२७ वरून १२८ चा क्षण घ्या. ग्रेमध्ये १२७ म्हणजे `01000000` आणि १२८ म्हणजे `11000000`. वाचन अगदी बदलाच्या क्षणी झालं तर सात बिटं जागची हललेलीच नाहीत, त्यामुळे ती निःसंशय बरोबर येतात. आठवं बिट जुनं मिळेल किंवा नवं मिळेल. जुनं मिळालं तर उत्तर १२७, नवं मिळालं तर १२८. तिसरं उत्तर संभवतच नाही. आणि बदल होत असतानाच विचारलं, तर ही दोन्ही उत्तरं रास्त आहेत.

वाचनाची वेळ आधीइतक्याच वेळा बदलाच्या क्षणी येते, ती टळत नाही. पण आता तिची शिक्षा जास्तीत जास्त एका पल्सची आहे, आणि तीही पुढच्या मिलिसेकंदाला भरून निघते.

## मग मेटास्टेबिलिटीही संपली का?

नाही. बदलणारं ते एक बिट क्लॉकच्या कडेवरच हललं तर वाचणारा फ्लिप-फ्लॉप काही काळ ० आणि १ च्या मध्ये लोंबकळू शकतो, हीच मेटास्टेबिलिटी. त्यासाठी प्रत्येक बिटावर एकामागे एक दोन फ्लिप-फ्लॉप लावायचे, म्हणजे पहिल्याला निवळायला एक पूर्ण क्लॉक मिळतो. बहुतेक मायक्रोकंट्रोलरच्या इनपुट पिनांमागे अशी सोय आतच असते, एफपीजीएसारख्या, आतलं सर्किट आपणच ठरवायच्या चिपमध्ये ती आपण लिहायची.

बायनरीमध्ये हे दोन फ्लिप-फ्लॉप पुरत नाहीत, याकडे लक्ष द्या. ते प्रत्येक बिट स्वच्छ ० किंवा १ करून देतात, पण आठ बिटं आपापल्या मर्जीने जुन्याकडे किंवा नव्याकडे निवळतात. त्यामुळे मिळतो तो आकडा स्वच्छ असतो आणि चुकीचाही असतो. ग्रेमध्ये एकच बिट डळमळीत असतं, ते कुठेही निवळलं तरी चालतं.

## काउंटर प्रत्यक्षात कसा बनवायचा?

आत साधी बायनरी मोजणी ठेवायची आणि पुढच्या बायनरी आकड्याचा ग्रे करून तो वेगळ्या रजिस्टरमध्ये साठवायचा. बायनरीतून ग्रे काढायला प्रत्येक बिटाचा त्याच्या डाव्या शेजाऱ्याशी `XOR` करायचा, एवढंच. मी जुन्या चिपच्या जागी तशीच आतलं सर्किट लिहिता येणारी एक छोटी सीपीएलडी बसवली, तिच्यात हे होतं:

```verilog
module gray8 (
  input  wire       clk,
  input  wire       rst_n,
  output reg  [7:0] gray
);
  reg  [7:0] bin;
  wire [7:0] nxt = bin + 8'd1;

  always @(posedge clk or negedge rst_n)
    if (!rst_n) begin
      bin  <= 8'd0;
      gray <= 8'd0;
    end else begin
      bin  <= nxt;
      gray <= nxt ^ (nxt >> 1);
    end
endmodule
```

इथे `clk` म्हणजे एन्कोडरचा पल्स. तो श्मिट ट्रिगरमधून, उदाहरणार्थ `74HC14` मधून, आणा. लांब केबलवरून आलेली मंद, खरखरीत कड एका पल्सचे दोन पल्स करते, आणि त्यावर ग्रे कोडचा काही इलाज नाही.

## ग्रेसाठी वेगळं रजिस्टर कशाला? एका `assign` ने भागत नाही का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो, आणि बहुतेक बिघडलेले ग्रे काउंटर इथेच बिघडलेले असतात. ही ओळ दिसायला अगदी बरोबर आहे:

```verilog
assign gray = bin ^ (bin >> 1);   // bahar neu naka
```

पण `bin` अजूनही बायनरीच आहे आणि १२७ वरून १२८ ला जाताना त्याची आठही बिटं हलतात. ग्रेचं तिसऱ्या क्रमांकाचं बिट म्हणजे `bin[3] ^ bin[4]`. ही दोन्ही १ वरून ० होणार आहेत, म्हणून त्यांचा `XOR` आधीही ० आणि नंतरही ०. पण `bin[3]` क्षणभर आधी पडलं तर मधल्या वेळात तो १ होतो. असा खोटा काटा एकाच वेळी अनेक बिटांवर उमटू शकतो. म्हणजे नाव ग्रे, आणि बदलाच्या क्षणी वागणूक बायनरीची. नेमका तोच क्षण आपल्याला सांभाळायचा होता.

फ्लिप-फ्लॉपच्या थेट आउटपुटवर असे काटे येत नाहीत. `XOR` ची जी काय खळबळ व्हायची ती फ्लिप-फ्लॉपच्या आतल्या बाजूला होते आणि पुढच्या क्लॉकपर्यंत शांत होते. आठ जादा फ्लिप-फ्लॉप लागतात, ते खर्च करा. फ्लिप-फ्लॉप आणि दुसरं क्लॉक यांच्या मध्ये एकही गेट नको.

## वाचल्यावर पुन्हा बायनरी कसं करायचं?

फरक काढायचा तर बायनरीच हवी. आठ बिटांसाठी तीन ओळी पुरतात:

```c
uint8_t gray_to_bin(uint8_t g) {
  g ^= g >> 4;
  g ^= g >> 2;
  g ^= g >> 1;
  return g;
}
```

`0xC0` घालून बघा: आधी `0xCC`, मग `0xFF`, मग `0x80`, म्हणजे १२८. हे रूपांतर वाचून झाल्यावर करायचं असतं, तेव्हा बिटं आपल्या ताब्यात स्थिर असतात.

## माझा वाचणारा हळू आहे. दोन वाचनांमध्ये दहा पायऱ्या होतात, म्हणजे अनेक बिटं बदलली. मग नियम मोडला ना?

मोडला नाही. आमच्या पट्ट्यावरही दर वाचनाला दहा पायऱ्या होत होत्या. दोन वाचनांत किती बिटं वेगळी दिसतात याला महत्त्व नाही. वाचनाच्या त्या एका क्षणी किती बिटं हवेत आहेत, हे महत्त्वाचं. मागच्या नऊ पायऱ्यांची बिटं केव्हाच स्थिरावलेली असतात. फक्त एक काळजी: दोन वाचनांत २५६ किंवा जास्त पायऱ्या झाल्या तर फरक काढता येणार नाही, पण ते कुठल्याही आठ बिटांच्या काउंटरला लागू आहे.

## मग ग्रे कोड केव्हा फसतो?

बिटांच्या वाटा फार असमान असतील तेव्हा. काउंटरमधून निघालेली आठ बिटं वाचणाऱ्यापर्यंत वेगवेगळ्या वेळेत पोचतात. हा फरक एका पायरीच्या वेळेपेक्षा कमी असेल तोवर एका क्षणी एकच बिट वाटेत असतं. आमच्याकडे एक पायरी १०० मायक्रोसेकंदांची होती, त्यामुळे केबल कशीही असली तरी चिंता नव्हती.

पण हेच एफपीजीएच्या आत १०० मेगाहर्ट्झवर करा. पायरी १० नॅनोसेकंदांची झाली. आता समजा सर्वांत डावीकडचं बिट जवळच्या वाटेने गेलं आणि सर्वांत उजवीकडचं सगळी चिप फिरून आलं. १२६, १२७, १२८ हे ग्रेमध्ये अनुक्रमे `01000001`, `01000000`, `11000000`. डावं बिट नवं आणि उजवं अजून जुनं असं दिसलं तर मिळतं `11000001`, म्हणजे १२९. काउंटर तिथे अजून पोचलेलाच नाही! दोन क्लॉकांच्या मध्ये डेटा रांगेत ठेवणाऱ्या असिंक्रोनस फिफोमध्ये असं झालं तर न लिहिलेला डेटा वाचला जातो. म्हणून वाटांमधला फरक आटोक्यात ठेवायला टूलला स्पष्ट सांगावं लागतं. विवाडो या एफपीजीएच्या टूलमध्ये त्यासाठी `set_bus_skew` आणि `set_max_delay -datapath_only` आहेत. दोन क्लॉकांच्या मधल्या वाटेला नुसतं `set_false_path` लावून मोकळं होणारे बरेच जण भेटतात. त्याने टूलची तक्रार थांबते, पण वाटा किती असमान असाव्यात यावर काहीच बंधन उरत नाही.

## मला २०० पर्यंतच मोजायचं आहे, २५६ नको. काय करू?

१९९ नंतर सरळ ० ला उडी मारलीत तर तिथे अनेक बिटं बदलतील. मधले २०० आकडे घ्या: २८ पासून २२७ पर्यंत. दोन्ही टोकांना सारखेच २८ सोडले की आरशाचा गुण कामी येतो. २८ चा ग्रे `00010010`, २२७ चा `10010010`, फरक एकाच बिटाचा. वाचल्यावर २८ वजा करा. ही युक्ती सम संख्येलाच चालते. विषम लांबीचं चक्र एकेक बिट बदलत पूर्ण होऊच शकत नाही, कारण प्रत्येक पायरीला १ ची संख्या सम-विषम अशी पालटते आणि परत सुरुवातीला यायला सम पायऱ्याच लागतात.

## रीसेट केल्यावर काय होतं?

अनेक बिटं एकदम ० होतात, म्हणजे हमी तेवढ्यापुरती संपते. चालत्या पट्ट्यावर काउंटर रीसेट करू नका. शून्याच्या सेन्सरवर जो आकडा असेल तो सॉफ्टवेअरमध्ये लक्षात ठेवा आणि वजा करा. उलट मोजणीला मात्र काही हरकत नाही, एक पायरी मागे गेली तरी तेच एक बिट हलतं.

## कुठलाही डेटा असा ग्रे करून दुसऱ्या क्लॉकमध्ये नेता येईल का?

नाही. वजनकाट्याचा आकडा ११० वरून एकदम १८५ होऊ शकतो, तिथे ग्रे करूनही अनेक बिटं बदलतील. एकेक पायरीने चालणाऱ्या आकड्यालाच हे लागू आहे. इतर डेटासाठी हँडशेक किंवा फिफो. गंमत म्हणजे त्या फिफोच्या आतले वाचण्या-लिहिण्याचे पॉइंटर पुन्हा ग्रेच असतात, कारण ते एकेक पायरीने चालतात.

## दुरुस्त झालं हे कशावरून ओळखायचं?

सिम्युलेशनवर विसंबू नका. विलंब शून्य धरलेल्या सिम्युलेशनमध्ये आठही बिटं एकाच क्षणी बदलतात, त्यामुळे माझा जुना बायनरी काउंटरही तिथे निर्दोष चालत होता. सिम्युलेशनमध्ये एकच गोष्ट नक्की तपासा, की रीसेट सोडून दर क्लॉकला एकाहून जास्त बिट बदलत नाही:

```verilog
assert property (@(posedge clk) disable iff (!rst_n)
  $countones(gray ^ $past(gray)) <= 1);
```

टेबलावरच्या चाचणीत मी आणखी एकदा फसलो होतो. एन्कोडर हाताशी नव्हता, म्हणून १० किलोहर्ट्झचे पल्स त्याच मायक्रोकंट्रोलरच्या टायमरमधून काढले होते. पल्स आणि वाचन दोन्ही एकाच क्रिस्टलवर, त्यामुळे वाचनाची वेळ पल्सच्या मानाने कायम एकाच जागी राहायची आणि त्या ५० नॅनोसेकंदांच्या फटीत कधी पोचायचीच नाही. दिवसभर चालवला, एकही चूक नाही. पट्ट्यावर नेला की पहिल्या तासातच तक्रार. चाचणीचे पल्स वेगळ्या जनरेटरवरूनच द्या, आणि १०.००७ किलोहर्ट्झसारखी आडनिडी वारंवारता ठेवा, म्हणजे वाचनाची वेळ सरकत सरकत प्रत्येक जागेवरून जाते.

मग मायक्रोकंट्रोलरमध्ये दर वाचनाचा फरक तपासा. १० किलोहर्ट्झला मिलिसेकंदामागे फरक १० यावा, कधी ९ किंवा ११. वीसच्या वर गेलेला प्रत्येक फरक वेळेसह नोंदवा. जुन्या बोर्डावर ही चाचणी लावली तेव्हा अर्ध्या तासाच्या आत नोंदी येऊ लागल्या, आणि त्यांत १३८ व २५० हे आकडे होते. सीपीएलडी बसवल्यावर मृग बहाराचा उरलेला हंगाम तीच नोंद चालू ठेवली. वीसच्या वरचा एकही आकडा आला नाही.